माझे मेहुणे आणि भगवंताचे साडेबारा रुपये

माझे मेहुणे गोपाळराव यांना मूर्ख म्हणवत नाही. मूर्ख माणसाला निदान कधीतरी स्वतःविषयी शंका येते. गोपाळरावांना उभ्या आयुष्यात तशी शंका आली नाही. सकाळी संध्या करताना पळीत पाणी घेत तेही मापून, आणि उरलेले पाणी तुळशीला घालताना तिच्यावर उपकार केल्यासारखा चेहरा करीत. असा माणूस माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. लग्न आमच्या वडिलांनी ठरवले होते. वडील गेले, म्हणून त्यांना काही बोलता येत नाही.

धारेत एका सरदारांच्या जहागिरीची कचेरी होती. सरदारांचे नाव घेत नाही. या कचेरीत गोपाळराव पोरवयात बापाच्या मांडीला मांडी लावून नकला करायला बसले आणि वाढत वाढत हिशेबतपासणीस झाले. काम एकच. जहागिरीची ठाणी, पागा, देवस्थान, बागा, मुदपाकखाना, जिथे म्हणून खर्च होई तिथून पुढच्या महिन्याचा अंदाज लिहून येई. गोपाळराव तो वाचत, प्रत्येक कलमापुढे तांबड्या शाईने 'सबब काय?' असे विचारीत, मग एकूण रकमेचा चौथा हिस्सा उडवून खाली सही करीत. सबब कळली तरी चौथा हिस्सा उडे आणि न कळली तरी तेवढाच उडे.

आता हे जहागिरीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होते. म्हणून जो तो अंदाज फुगवूनच पाठवी. पागेवर उदाजीराव नावाचे एक मराठे गृहस्थ होते. घोड्यांना जेवढा चंदी-चारा लागे त्यावर ते अगोदर चढ घालीत, गोपाळराव तो उतरवीत, आणि घोडे पोटभर खात. शिवाय उदाजीरावांचेही थोडेबहुत भागे. इकडे वर्षअखेर गोपाळराव सरदारांपुढे हात जोडून सांगत की इतक्या हजारांची बचत केली. सरदार मान डोलावत. दसऱ्याला एक शेला मिळे. मी एकदा ताईला म्हणालो, "हा शेला खरं म्हणजे उदाजीरावांच्या घोड्यांना द्यायला पाहिजे." ताई हसली नाही. ती त्यांच्यासमोर कधी हसत नसे आणि त्यांच्यामागे हसायची सवय मोडली होती.

माझ्या ताईचे नाव कुसुमावती. संसाराच्या पहिल्याच महिन्यात तिने नवऱ्याला सांगितले की डाळ चार शेर लागेल, तेव्हा तीन शेर आली आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी ताक-भात खाल्ला. तेव्हापासून ती शहाणी झाली. तूप, तेल, गहू, लुगडी, जे मागायचे ते चढवून. डोहाळेसुद्धा तिने चढवून सांगितले असतील. गोपाळराव सगळ्याला कात्री लावीत, आणि "आमच्या घरात उधळपट्टी चालत नाही" असे चारचौघांत सांगत. असे वीसेक वर्षे बिनबोभाट चालले. दोघांत भांडण नव्हते. सगळी आळी म्हणे, काय जोडा आहे! मला त्या जोड्याकडे पाहिले की मळमळे. मी देवासला वैद्यकी करतो, मळमळ कशाने होते ते मला कळते.

या घरात भगवंत जन्माला आला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असे म्हणतात. पण या पोहऱ्यात आले. पोरगा लहानपणापासून सरळ. ताप आला म्हणजे मी विचारी, "केव्हापासून?" तो सांगे, "काल दिवा लावायच्या वेळेपासून, मामा, पण सकाळी चिंच खाल्ली होती हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल." असा रोगी वैद्याला जन्मात एखादाच भेटतो. मला मूलबाळ नाही. भगवंतावर माझा जीव होता, हे स्पष्टच सांगतो.

सन १९०८ मध्ये तो एन्ट्रन्स पास झाला आणि इंदूरच्या कॉलेजात गेला. गोपाळरावांनी त्याला एका ओळखीच्या माणसाच्या माडीवर खोली पाहून दिली आणि सांगितले, "लागेल तसे मागत जा." मागणे म्हणजे काय ते पोराला लवकरच कळले. तेलाला पैसे संपले की पत्र लिहायचे, मग तात्यांचे, म्हणजे बापाचे, पत्र येणार की मागच्या वेळी दिलेले आठ आणे कशाला गेले, मग त्याचे उत्तर द्यायचे, मग धारेहून इंदूरला येणारा कोणी भला माणूस सापडेपर्यंत वाट पाहायची. मनिऑर्डर गोपाळरावांना मान्य नव्हती. टपालखात्याला दोन आणे फुकट का द्यायचे? तोवर भगवंत शेजारच्या मुलाच्या दिव्यापाशी बसून वाची. त्या मुलाच्या घरचे महिन्याच्या महिन्याला ठराविक रक्कम पाठवीत. ते पाहून दिवाळीच्या सुट्टीनंतर भगवंताने आई-वडिलांना एक पत्र लिहिले.

ते पत्र मी डोळ्यांनी वाचले आहे. वरचा मायना सोडून देतो. पोराने लिहिले होते: 'दर वेळी मागण्यात तात्यांस तसदी होते व मलाही संकोच वाटतो. सबब महिन्याची एक रक्कम ठरवून द्यावी, ती पहिल्या तारखेच्या आत पोचावी, कारण खाणावळीचे पैसे आगाऊ भरावे लागतात. महिनाअखेर मी जमाखर्च लिहून पाठवीन. कमी खर्च झाल्यास शिल्लक कळवीन. जास्त झाल्यास पुढच्या महिन्यात मी काटकसर करीन, वर मागणार नाही.' खाली कलमे होती. कॉलेजची फी दोन रुपये. खाणावळ दोन वेळची सहा रुपये. खोलीभाडे सव्वा रुपया. दिव्याचे तेल आठ आणे. धोबी सहा आणे. न्हावी दोन आणे. कागद, शाई, टाक सहा आणे. दूध एक रुपया. पुस्तकांसाठी बारा आणे. पुढे कंसात लिहिले होते की जुनी पुस्तके घेईन. टपाल दोन आणे. एकूण साडेबारा रुपये. शेवटी आईला म्हणून एक ओळ होती: 'दूध वैद्यमामांनी सांगितले आहे, माझी हौस नाही.'

खरे होते. मीच सांगितले होते. पोराची छाती नाजूक.

पत्र धारेला पोचले तेव्हा मी तिथेच होतो. ताईकडे गेलो होतो आणि मुक्काम लांबला होता. संध्याकाळी गोपाळरावांच्या ओटीवर नेहमीचे टोळके जमले. मला वाटले, पत्र वाचून हा माणूस पोराला शाबासकी देईल, कारण इतके नेटके पत्र त्यांच्या कचेरीत जन्मात आले नसेल. गोपाळरावांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि ते पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. स्वतःच्या मुलाच्या न्हाव्याचे दोन आणेसुद्धा! मग दौत मागवली. तांबडी.

"दूध," गोपाळराव म्हणाले. "सबब काय?"

"सबब मी आहे," मी म्हणालो. "खाली लिहिलं आहे."

"भास्करराव, तुम्ही वैद्य. तुम्ही सगळ्यांनाच दूध सांगता." त्यांनी पुढे 'सबब काय?' लिहिले.

उदाजीराव तंबाखू मळत होते. ते हसून म्हणाले, "क्यों भिया गोपाळराव, पोट्ट्यानं चढ किती घातला असंल?"

"चौथाई," गोपाळराव म्हणाले. "चौथाईच असते. घरात राहून शिकला, दुसरं काय करणार?"

"अहो, त्यानं चढ घातलेला नाही," मी ओरडलो. "ते आकडे खरे आहेत."

ओटीवर सगळे मोठ्याने हसले. उदाजीरावांना तर ठसका लागला. गोपाळराव हसले नाहीत. त्यांना माझी कीव आली होती. ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती, आणि त्या कीवेची मला अजून चीड येते. ते शांतपणे म्हणाले, "भास्करराव, माझी हयात अंदाज तपासण्यात गेली. खरा आकडा मी एकदाही पाहिलेला नाही. खरा आकडा कोणी लिहून देतो का?"

कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते. पण इथे कावीळ झालेला माणूस जगाला औषध देत बसला होता. त्यांनी साडेबारांतून चौथा हिस्सा उडवला, नऊ रुपये सहा आणे मंजूर केले, सही केली, आणि तो कागद भगवंताकडे परत पाठवायला बाजूला ठेवला.

आत गेलो तर ताई चुलीपुढे कपाळाला हात लावून बसली होती. तिने सगळे ऐकले होते. मला वाटले नवऱ्यावर चिडली असेल. ती म्हणाली, "काय रे हा पोरगा! सतरा वर्षांचा घोडा झाला, एवढंही कळू नये? सोळा-सतरा लिहायचे होते. भास्कर, तू इंदूरवरून जाशील ना? त्याला सांग, दुसरं पत्र लिही म्हणावं."

मला तिचाही राग आला. पण इंदूरला उतरलो आणि निरोप सांगितला, कारण पोराच्या पोटाचा प्रश्न होता. भगवंत खोलीच्या दारात बसून वाचत होता. तांबड्या शाईचा कागद त्याला आधीच पोचला होता, बदनावरच्या एका कापडवाल्याबरोबर, नऊ रुपये सहा आण्यांसह. माझे ऐकून त्याने पुस्तक मिटले.

"मामा, पण मला सोळा लागत नाहीत."

"तुला साडेबारा लागतात. साडेबारा मिळावेत म्हणून सोळा."

"मग ते खोटं होईल ना?" तो म्हणाला. "मी तात्यांना महिनाभर जमाखर्च दाखवीन. काय काय सोडावं लागलं तेही लिहीन. म्हणजे त्यांना पटेल."

त्याला वाटत होते की बापाला पुरावा पाहिजे. सतरा वर्षांच्या पोराला 'तुझा बाप तसला आहे' असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पहिल्या महिन्यात त्याने दूध सोडले, धोबी सोडला, आणि महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस एक वेळची खाणावळ सोडली. खाणावळ चालवणाऱ्या दुर्गाबाई महेश्वराकडच्या. तोंडाने फटकळ पण हात सैल. त्या मला पुढे म्हणाल्या, "वैद्यबुवा, तुमचा भाचा एक टाईमच येतो, और ऊपर से पोळ्या मोजून खातो. मी एक जास्त वाढली तर म्हणतो, ही हिशेबात कशी लिहू?" महिनाअखेर भगवंताने जमाखर्च धारेला पाठवला. अमुक सोडले, तमुक सोडले, सगळे लिहिले. गोपाळरावांनी फक्त शेवटची बेरीज पाहिली. नऊ रुपये सहा आणे. ती त्यांनी ओटीवर दाखवली आणि म्हणाले, "पाहा. भागलं."

माघात भगवंताला ताप आला. आठवडाभर तो पेजेवर होता, ती दुर्गाबाईंनी फुकट दिली, आणि तेवढ्या दिवसांचे पैसेही त्यांनी लावले नाहीत. या वेड्या पोराने काय करावे? जमाखर्चात लिहिले, शिल्लक सव्वा रुपया. शब्द दिला होता ना, शिल्लक कळवीन म्हणून! कचेरीचा दुसरा नियम मला तेव्हा कळला. जे खर्च झाले नाही ते लागत नव्हते, असा तो नियम; शिल्लक रक्कम पुढच्या मंजुरीतून कायमची वजा. पुढल्या महिन्यापासून आठ रुपये दोन आणे येऊ लागले. उदाजीराव दर वर्षी फाल्गुनात घोड्यांना नव्या झुली का शिवीत आणि तेव्हाच गवताच्या गंजी का रचीत, ते मला या सव्वा रुपयावरून उमगले. शिल्लक दाखवायची नसते. घोड्याच्या पाठीवर घालायची, पण दाखवायची नाही.

मी संतापून भगवंताला दोन रुपये दिले. त्याने ते जमेकडे लिहिले: 'रा. रा. मामांकडून दोन रुपये.' पुढल्या एका महिन्यापुरते धारेहून सहा रुपये दोन आणेच आले! म्हणजे मी माझ्या भाच्याला दिलेले दोन रुपये गोपाळरावांच्या खिशात गेले. तीही बचत म्हणून त्यांनी जहागिरीच्या बापूसाहेब कारभाऱ्यांना सांगितली असेल, कोण जाणे. पुन्हा मी पैसे देऊ केले तेव्हा भगवंत म्हणाला, "नको मामा. लिहावं लागतं, आणि लिहिलं की जातं." तेव्हा बाप-लेक दोघेही जेवायला बसले असते माझ्या पंगतीला, तर मी एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात दगड वाढला असता. पण माझ्याकडे जेवायला येई तो भगवंत एकटा.

वर्ष गेले. पोरगा वाळत चालला. सुट्टीत धारेला गेला की ताई त्याला चोरून लोणी चारी आणि कानात एकच सांगे, "चढवून लिही." तो मान हलवी. बाप त्याला ओटीवर सगळ्यांसमोर बसवून सांगे, "पाहिलंस? साडेबारा लिहिले होतेस. आठात भागतं." पोरगा खाली पाही. एकदाच तो म्हणाला, "तात्या, भागत नाही. मी सोडतो." गोपाळराव म्हणाले, "सोडता येतं म्हणजेच ते लागत नव्हतं." सगळी आळी माना डोलवीत होती.

मग इंटरमीजिएट परीक्षेची वेळ आली. अलाहाबादला फी पाठवायची होती, वीस रुपये, कॉलेजात ठरल्या तारखेच्या आत भरायची. तारीख चुकली तर वर्ष गेले. भगवंताने चांगली महिनाभर आधी वडिलांना लिहिले. कलम एकच, रक्कम एकच. सोबत कॉलेजच्या सूचनेची नक्कल जोडली. मला वाटले, आता तरी काय उडवणार? छापील फी. गावोगावची पोरे तेवढीच भरतात.

तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी तोच बदनावरचा कापडवाला पंधरा रुपये घेऊन आला. सोबत चिठ्ठी होती. 'विद्यापीठ हेही सरकारी खातेच. मागतात वीस, घेतात पंधरा. कारकुनास भेटून नम्रपणे बोलावे.'

या माणसाला मी आजवर कंजूष समजत होतो. चिठ्ठी वाचून मला कळले की कंजूष असता तर बरे झाले असते. त्यांनी ते पाच रुपये वाचवण्यासाठी ठेवले नव्हते. त्यांचा खरोखर विश्वास होता. आकाशातून पाऊस पडला तरी ते म्हणतील, मूळ याहून चौथाई जास्त होता, देवाने उडवला.

भगवंत नम्रपणे बोललाही. कॉलेजातल्या कारकुनाने वेड्याकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले. मग तो टांग्याच्या अड्ड्यावर आला, देवासकडे निघालेल्या टांगेवाल्याला म्हणाला, "भाडं मामा देतील," आणि दुपार टळता टळता माझ्या दारात उभा राहिला. देवासात राज्ये दोन, आणि आमची गल्ली अशी, की एका बाजूला थोरल्या पातीचे राज्य आणि दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचे; टांगेवाला धाकट्या बाजूला टांगा लावून भाड्यासाठी हुज्जत घालत होता. मी त्याला पैसे देऊन वाटेला लावले आणि पोराला आत घेतले. भात वाढला. तो जेवला नाही.

"मामा, पाच रुपये पाहिजेत. आणि परत जायचं भाडं."

मी लगेच काढून दिले. तो नाणी हातात घेऊन बसला. मी म्हणालो, "भगवंता, नीघ आता. उद्या सकाळी भरायचेत."

"हे मी लिहिणार नाही, मामा," तो म्हणाला.

"काय?"

"हे पाच. जमेला लिहिले तर पुढच्या महिन्याचे पाच जातील. मग खोलीभाडं कुठून देऊ? लिहिणार नाही. परीक्षा फी पंधरा रुपये, असंच लिहिणार."

मला काय वाटायला हवे होते? इतके दिवस मीच म्हणत होतो, जरा शहाणा हो. पण पोराने ते सांगितले तेव्हा त्याचा आवाज चोरटा झाला होता, आणि सांगून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याच्या तोंडावर मी तसली छटा कधी पाहिली नव्हती. ताईच्या तोंडावर मात्र रोज पाहिली होती.

फी भरली गेली. धारेला जमाखर्च गेला: परीक्षा फी पंधरा रुपये. तो कागद गोपाळरावांनी ओटीवर नेला, कचेरीत नेला, म्हणे कारभाऱ्यांनाही दाखवला. "विद्यापीठाचे पाच रुपये उडवले आपण!" उदाजीरावांनी त्यांना मिठी मारली. पोराच्या पहिल्या खोट्यावर बापाचा झेंडा फडकला, आणि जन्मभर गोपाळराव जे खोटे शोधत आले ते या कागदावर होते, तर तेच नेमके त्यांना खरे वाटले. आता सांगा, मी या माणसाचा आदर कसा करावा?

भगवंत पास झाला, वरच्या वर्गात. पुढे बी. ए. साठी त्याने घरी नवे पत्र लिहिले. पुन्हा महिन्याच्या रकमेची योजना, पुन्हा कलमे. एकूण सोळा रुपये दहा आणे आठ पै. गणितात पोरगा हुशार. चौथा हिस्सा उडवला की बरोबर साडेबारा उरतात. कलमांत चष्म्याचा हप्ता होता, आणि पोराचे डोळे घारीसारखे होते. वाचनालयाची वर्गणी होती, तालमीची वर्गणी होती, देवदर्शनाला टांगा होता. गोपाळरावांनी एकेका कलमापुढे 'सबब काय?' लिहिले, साडेबारा मंजूर केले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आता पोराला अंदाज लिहिता येऊ लागला. हा कचेरीत नाव काढील."

ताईने पेढे केले. पास झाल्याचे अगोदर झाले होते. हे या पत्राचे. मला डबीत भरून देताना तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "आता काळजी नाही रे," ती म्हणाली. "वळणावर आला." मी त्या पेढ्यांना हात लावला नाही. वाटेत टांगेवाल्याला दिले.

त्या पावसाळ्याअखेर भगवंत माझ्याकडे दोन दिवस राहायला आला. आता दोन वेळ जेवत होता, दूध घेत होता, तरी गाल भरले नव्हते आणि रात्री खोकताना मी ऐकले. सकाळी मी विचारले, "खोकला केव्हापासून?"

"कुठे आहे खोकला? उत्तम आहे, मामा."

मी हात धरला. नाडीने मला जे सांगायचे ते सांगितले. मी खल घेतला, औषध घोटले, पुड्या बांधल्या, मधाची कुपी दिली. समोर बसवून सांगितले की दिवसातून तीन पुड्या, मधातून, एकवीस दिवस, एकही चुकवायची नाही. ही छातीची गोष्ट आहे, थट्टा नाही.

त्याने पुड्या पिशवीत घातल्या. मग माझ्याकडे पाहून हसला, अगदी समजूतदार, ओटीवर हसतात तसा.

"तीन सांगताय, मामा," तो म्हणाला, "म्हणजे दोनांत भागेल."